तो छोटा बाण नेमकं काय मोजतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच व्हिडिओ एकाच सकाळी दोन ठिकाणांहून येतो. चुलतभावाने पाठवलेल्या प्रतीवर एक वळलेला बाण असतो आणि शेजारी Forwarded असं लिहिलेलं असतं. ऑफिसच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ येतो, तेव्हा तिथे दोन बाण दिसतात आणि मजकूर असतो Forwarded many times. चित्रं तीच, आवाज तोच, लांबी तेवढीच. मग एक प्रत नुसती 'फॉरवर्ड केलेली' आणि दुसरी 'अनेकदा फॉरवर्ड केलेली' कशी?

बऱ्याच जणांचा समज असा असतो, की हा व्हिडिओ जगात किती वेळा पाठवला गेला याची व्हॉट्सअ‍ॅपकडे कुठेतरी मोजणी चालू असते आणि आकडा फार वाढला की दुसरा बाण लागतो. तसं असतं तर दोन्ही प्रतींवर एकच खूण दिसली असती. बाण मोजतो ते वेगळंच. ते एकदा लक्षात आलं की पाठवण्यावरच्या मर्यादा अशा विचित्र का आहेत, त्या कुठे चालतात आणि कुठे अगदीच तोकड्या पडतात, हे आपोआप उलगडत जातं.

## पसारा नाही, पिढी

घराण्याची वंशावळ डोळ्यासमोर आणा. खापरपणजोबांना किती वंशज झाले, हा एक प्रश्न. मी त्यांच्यापासून कितव्या पिढीत, हा दुसरा. बाण या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमच्या हातातली प्रत मूळ मेसेजपासून किती हात दूर आहे, एवढंच तो सांगतो.

कोणीतरी एक मजकूर स्वतः टाइप करून मित्राला पाठवला. त्या मेसेजच्या पोटात एक छोटा आकडा असतो, तो इथे शून्य. मित्राने तो आपल्या बहिणीला फॉरवर्ड केला, आकडा झाला एक, आणि बहिणीला एक बाण दिसला. बहिणीने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, दोन. तिथून एकीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तीन. तिथून कोणाच्या तरी मामांकडे, चार. मामांनी तो निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर ढकलला, पाच. आकडा पाचावर गेला की एका बाणाचे दोन होतात. व्हॉट्सअ‍ॅपची व्याख्या हीच आहे: मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच फॉरवर्ड दूर गेलेला मेसेज म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज.

आता पुन्हा त्या दोन प्रती घ्या. चुलतभावाकडे व्हिडिओ तिसऱ्या हाताने आला असेल, त्याने तो तुम्हाला पाठवला तेव्हा आकडा चार झाला. ऑफिसच्या ग्रुपवर तो दुसऱ्या वाटेने सात-आठ हात फिरून पोचला. वंशावळीच्या दोन फांद्यांवरची ही भावंडं आहेत, एक चौथ्या पिढीतलं आणि एक आठव्या. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही आणि त्यांच्या आकड्यांची बेरीजही होत नाही.

यातून एक गंमतशीर गोष्ट निघते. एखाद्याने स्वतः बसून दोनशे ग्रुपांवर एकच मजकूर पसरवला, तर पसारा प्रचंड झाला, पण पिढी वाढलीच नाही. त्या दोनशे ग्रुपांतल्या कोणालाही दोन बाण दिसणार नाहीत. उलट एखादी जुनी कविता एकेका माणसाकडून एकेकाकडे अशी संथपणे सहा जणांत फिरली, तर सहाव्याला दोन बाण दिसतील, जरी ती आयुष्यात सहाच जणांनी वाचलेली असली तरी. दोन बाण म्हणजे 'फार गाजलेलं' असं नाही. दोन बाण म्हणजे 'मूळ माणूस फार लांब राहिला'.

## पाकीट बंद, मग मोजतं कोण?

इथे साहजिक शंका येते. व्हॉट्सअ‍ॅप तर सांगतं की मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनवर तो गुप्त लिपीत बदलतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उलगडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. याला एन्क्रिप्शन म्हणतात. मग वाचता येत नसेल तर मोजणार कसं?

मोजणी सर्व्हरवर होतच नाही. समजा चिठ्ठ्या बंद पाकिटातून फिरत आहेत आणि प्रत्येकाने एक नियम पाळायचा आहे: चिठ्ठी पुढे पाठवताना तळाशी एक रेघ वाढवायची, मग नवं पाकीट चिकटवायचं. पोस्टमनला आतल्या रेघा दिसत नाहीत, चिठ्ठीही दिसत नाही. पाकीट उघडणारा मात्र रेघा मोजून सांगू शकतो की चिठ्ठी किती हातांतून आली. इथे रेघ मारायचं काम तुमच्या फोनमधलं अ‍ॅप करतं. आकडा मेसेजच्या आतच असतो आणि मेसेजइतकाच कुलूपबंद असतो. घेणाऱ्याच्या फोनमधलं अ‍ॅप तो वाचतं आणि ठरवतं: बाण नाही, एक की दोन. तुम्ही तो पुढे पाठवायला गेलात की तेच अ‍ॅप सांगतं, किती जणांना निवडता येईल.

त्यामुळे 'बाण दिसतो म्हणजे कंपनी माझे मेसेज वाचते' हा आक्षेप टिकत नाही. पण या रचनेची एक किंमतही आहे. मेसेजमध्ये काय आहे, हे या यंत्रणेला मुळीच कळत नाही. तिच्या लेखी रक्तदात्याचा शोध, सणाच्या शुभेच्छा आणि मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी, तिन्ही सारखेच. तिला दिसतात फक्त रेघा. म्हणून ती खोटं अडवू शकत नाही. फार तर दूरवरून आलेल्या गोष्टीचा वेग कमी करू शकते.

## मर्यादा आल्या कशा

सुरुवातीला अशी कुठलीच खूण नव्हती. आलेला मेसेज पाठवणाऱ्यानेच लिहिलाय की कुठूनतरी उचललाय, हे समजायला मार्ग नव्हता. एका वेळी अडीचशेच्या आसपास चॅटना तो धाडता येत असे.

२०१८ च्या उन्हाळ्यात भारतात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांचं पेव फुटलं. त्या काळात फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून पळताना दिसत होते. तो खरं तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करायला बनवलेला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक कॅमेऱ्याला दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मग उरलं ते फक्त अपहरण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या आठवड्यातच केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला अफवा रोखण्याबद्दल खडसावलं.

१० जुलैला Forwarded ही खूण सर्वांसाठी सुरू झाली. ती काही आठवड्याभरात तयार झाली नव्हती, चाचणी आधीपासून चालू होती. पण त्याच महिन्यात मर्यादाही आली: जगभरात एका वेळी वीस चॅट, भारतात मात्र पाचच. शिवाय भारतात फोटो-व्हिडिओशेजारी असणारं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं. हा बदल बारीक वाटतो, पण मला तो फार शहाणपणाचा वाटतो. अंगठ्याखाली बटण असेल तर माणूस व्हिडिओ पूर्ण पाहायच्या आधीच पुढे ढकलतो. बटण काढलं की दाबून धरा, बाण निवडा, नावं निवडा, अशी दोन-तीन पावलं वाढतात.

जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन बाण आले. एप्रिल २०२०, म्हणजे कोरोनाची साथ आणि तिच्यासोबतचे काढे, मंत्र आणि कटकारस्थानं ऐन भरात असताना, दोन बाणांचा मेसेज एका वेळी फक्त एकाच चॅटला पाठवता येईल असा नियम झाला. २०२२ मध्ये आणखी एक गाठ मारली: एक बाण असलेला मेसेज पाच चॅटना जाईल, पण त्या पाचांत ग्रुप एकच चालेल.

## पाच आणि वीस यांत एवढा फरक कसा?

वीसाचे पाच केले म्हणजे पसारा एक-चतुर्थांश झाला, असं वाटू शकतं. तसं ते होत नाही, कारण प्रत्येक पायरीवर गुणाकार असतो. साथीच्या रोगासारखंच. एक रुग्ण सरासरी दोघांना लागण करतो की अर्ध्याला, यावर साथ फोफावते की विझते हे ठरतं.

एक काल्पनिक अफवा घेऊ. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत. समजा अफवा पाहणाऱ्या दर शंभरांपैकी दोघंच ती पुढे पाठवतात. बाकीचे वाचून सोडून देतात. आणि समजा एका ग्रुपवर टाकली की वीस नवे लोक ती पाहतात.

मर्यादा वीस ग्रुपांची असेल तर शंभर प्रेक्षकांमागे दोन पाठवणारे, प्रत्येकी वीस ग्रुप, प्रत्येक ग्रुपात वीस नवे: आठशे नवे प्रेक्षक. म्हणजे दर पायरीला आठपट. शंभरांपासून सुरुवात केली तर पाच पायऱ्यांनंतर ३२,७६,८०० लोक. मर्यादा पाच ग्रुपांची असेल तर शंभरांमागे दोनशे, म्हणजे दर पायरीला दुप्पट. पाच पायऱ्यांनंतर ३,२०० लोक. मर्यादा एक-चतुर्थांश केली, आणि पाचव्या पायरीवर आकडा हजाराहून जास्त पटींनी खाली आला.

आता ही पाचवी पायरी म्हणजेच दोन बाणांची पायरी. त्या ३,२०० जणांना दोन बाण दिसतात. त्यांच्यापैकी ६४ जण पुढे पाठवतात, पण एका वेळी एकाच चॅटला. वीस-वीस नवे धरले तर १,२८० लोक. पुढच्या पायरीला ५१२. मग २०५, ८२, ३३, आणि अफवा धापा टाकत बसते. हा नियम नसता आणि दुपटीची घोडदौड चालूच राहिली असती, तर दहाव्या पायरीला एक लाखावर लोकांनी ती पाहिली असती.

गुणक एकाच्या वर की खाली, एवढाच सगळा खेळ आहे. शंभरांमागे शंभराहून जास्त नवे प्रेक्षक मिळाले तर वाढ, कमी मिळाले तर उतरण. पाठवण्यावरची मर्यादा लोकांच्या डोक्यातल्या शंका-विश्वासाला हात लावत नाही. ती फक्त गुणाकारातला एक आकडा लहान करते.

वेगाचंही तसंच. एक पायरी तीन तासांची धरली, तर आठपटीच्या हिशेबात ३,२०० चा आकडा सहा तासांच्या आतच ओलांडला जातो. दुपटीच्या हिशेबात तिथे पोचायला पंधरा तास लागतात. या वाढलेल्या नऊ तासांत पोलीस ठाण्याकडून खुलासा येऊ शकतो, पत्रकार व्हिडिओचा मूळ शेवट शोधू शकतात, गावातला कोणी शहाणा माणूस दोन फोन करू शकतो.

## तरीही एवढ्यावर भागत नाही

वरच्या गणितात मी एक गोष्ट हळूच सोपी करून घेतली होती. मर्यादा 'एका वेळी' आहे. पाच चॅटना पाठवून झालं की तोच मेसेज पुन्हा निवडून आणखी पाचांना पाठवता येतो. दोन बाणांचा मेसेजही एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला असा धाडता येतो. दिवसाचा कोटा नाही. आपल्या अफवेत त्या ६४ जणांनी प्रत्येकी तीनदा तो खटाटोप केला, तर शंभरांमागे ४० ऐवजी १२० नवे प्रेक्षक मिळतात आणि उतरणीला लागलेली अफवा पुन्हा चढायला लागते. म्हणजे मर्यादा ही भिंत नाही, रस्त्यावरचा गतिरोधक आहे. आळशी माणसाला तो अडवतो. पेटून उठलेल्याला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अफवेचा दम. शंभरांपैकी दोघं पाठवतात हे एखाद्या फुटकळ आरोग्य-टिपेला ठीक. 'आपल्याच भागातून मूल उचललं' हे शंभरांपैकी दहा जण पाठवत असतील, तर एका वेळी एकच ग्रुप धरूनही दहा गुणिले वीस, म्हणजे दोनशे नवे प्रेक्षक. पुन्हा दुप्पट. दोन बाण असूनही दुप्पट.

ब्राझीलमधल्या मिनास जेराइस संघराज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सार्वजनिक ग्रुपांची माहिती वापरून आणि साथीच्या गणिताचंच मॉडेल लावून हे तपासलं होतं. त्यांचा निष्कर्ष साधारण हाच होता: फॉरवर्डवरच्या मर्यादांमुळे प्रसार खूप लांबतो, काही परिस्थितींत शंभरपटीपर्यंत, पण मजकूर अतिशय वेगाने पसरणारा असेल तर तो थांबत नाही, फक्त उशिरा पोचतो.

व्हॉट्सअ‍ॅपने स्वतः दिलेले दोन आकडे मात्र उत्साहवर्धक आहेत. पाच चॅटच्या मर्यादेनंतर जगभरातले फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले. आणि एप्रिल २०२० मध्ये एका चॅटचा नियम आल्यावर काही आठवड्यांतच 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी उतरलं. दुसरा आकडा वाचताना जरा थांबावं लागतं. ७० टक्क्यांनी कमी झाले ते दोन बाणांचे मेसेज, अफवा नव्हेत. त्यातला काही भाग दुसऱ्या वाटेने, बाण न लावता, फिरू लागला असेल तर तो या मोजणीत येणारच नाही. आणि मेसेज कुलूपबंद असल्यामुळे बाहेरच्या कोणाला ते पडताळूनही पाहता येत नाही.

आणखी एक बाजू कागदावर मांडून बघण्यासारखी आहे. २०१८ मध्ये एका ग्रुपात जास्तीत जास्त २५६ लोक असत. पाच ग्रुप म्हणजे जास्तीत जास्त १,२८०. २०२२ मध्ये 'ग्रुप एकच' असा नियम झाला, पण त्याच वर्षी ग्रुपची कमाल संख्या आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. एक भरलेला ग्रुप आणि चार माणसं: १,०२८. एका हाताने गाठ आवळली, दुसऱ्या हाताने सैल केली. बहुतेक ग्रुप काठोकाठ भरलेले नसतात हे खरं, पण अफवेला सगळ्यात आवडतात ते नेमके मोठे ग्रुप.

## आकडा शून्यावर कसा येतो

चिठ्ठीच्या उदाहरणात रेघ कधी वाढते? तीच चिठ्ठी पुढे दिली तर. कोणी मजकूर कोऱ्या कागदावर उतरवून काढला, तर रेघा मागे राहतात. फोनवर हे करायला दोन सेकंद पुरतात. मजकूर कॉपी करून नव्या मेसेजमध्ये चिकटवला की आकडा शून्य. स्क्रीनशॉट काढून पाठवला, शून्य. व्हिडिओ फोनच्या गॅलरीत साठवून तिथून नव्याने पाठवला, तरी शून्य. अ‍ॅपच्या दृष्टीने हा मेसेज आता तुम्हीच जन्माला घातलात. अ‍ॅपच्या फेरफार केलेल्या अनधिकृत आवृत्त्या वापरणारे तर आकडा वाढवण्याचं काम सरळ टाळू शकतात, कारण घेणाऱ्याचा फोन आतल्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून बाण नसणं हा कशाचाच दाखला नाही. 'बाण नाही, म्हणजे दादाने स्वतः लिहिलंय, म्हणजे खरं असणार', या समजुतीने जेवढी फसगत होते तेवढी दोन बाणांच्या मेसेजने क्वचितच होते.

उतरवून काढलेला मजकूर ओळखू येतो का? बऱ्याचदा येतो. सगळ्यात हुकमी खूण म्हणजे 'जसा आला तसा पाठवत आहे' हे वाक्य असलेला, पण बाण नसलेला मेसेज. मजकूरच सांगतोय की मी दुसऱ्याकडून आलो, आणि अ‍ॅप म्हणतंय की हा नवा आहे. म्हणजे कोणीतरी कॉपी केला. कधी मजकूर म्हणतो 'माझ्या भाच्याच्या डॉक्टर मित्राने सांगितलं', आणि पाठवणाऱ्याला भाचाच नसतो. स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी पाहावी: बॅटरी, वेळ, कधी कधी आतल्या मेसेजवरचे दोन बाणही तसेच दिसतात, जणू चोराने घराची पाटी सोबत आणली. व्हिडिओ दरवेळी साठवून नव्याने पाठवला की थोडा थोडा दाबला जातो, म्हणून अक्षरं फुटलेली आणि चेहरे चौकड्यांचे दिसू लागतात. तसा धुरकट व्हिडिओ बाणाशिवाय आला, तर तो लांबून आलाय हे बाणाऐवजी त्याची कळाच सांगते.

## 'दोन बाण म्हणजे खोटं, असंच ना?'

नाही. पाण्याच्या वेळापत्रकातला बदल किंवा परीक्षेची पुढे गेलेली तारीखही दोन बाणांनी येऊ शकते. खूण फक्त एवढं सांगते की ज्याने हे पाठवलं त्याला कदाचित याचं मूळ माहीत नाही, आणि ज्याने त्याला पाठवलं त्यालाही. बातमी खरी की खोटी यापेक्षा कोणाला विचारायचं हे ती सांगते, किंवा खरं तर कोणाला विचारून उपयोग नाही हे. मामांना 'हे कुठून कळलं?' असं विचारलंत तर ते म्हणतील, ग्रुपवर आलं होतं. आणि ते खरंच बोलत असतील.

काही जण मात्र दोन बाणांचा नेमका उलटा अर्थ लावतात: एवढ्या लोकांनी पाठवलं, त्यात काहीतरी तथ्य असणारच. पिढी आणि पसारा यांतली गल्लत इथे महागात पडते. पाच हातांतून गेलेल्या मेसेजला पाच जणांनी तपासलेलं नसतं. बहुधा पाचही जणांनी 'आधीच्याने बघितलं असेल' असं धरलेलं असतं.

## 'मग सरळ मूळ पाठवणाऱ्याचं नावच का दाखवत नाहीत?'

मागणी जुनी आहे. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी, न्यायालयाच्या किंवा अधिकृत आदेशावरून, मजकुराचा पहिला पाठवणारा ओळखून देता आला पाहिजे अशी तरतूद आली. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कंपनीचं म्हणणं, की कुठल्या मेसेजबद्दल विचारणा होईल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांच्याच सगळ्या मेसेजवर ठसा ठेवावा लागेल.

रेघ आणि नाव यांतला फरक इथे दिसतो. रेघ सांगते की चिठ्ठी पाच हातांतून आली, हात कोणाचे ते नाही. नाव लिहायचं ठरलं तर कोणी तक्रार करायला, कोणी गैरप्रकार उघड करायला लिहिलेल्या चिठ्ठीवरही ते येणार. आणि कराचीच्या व्हिडिओसारख्या प्रकरणात 'पहिला' कोण? बनवणारी संस्था, शेवट कापणारा, की कापलेला व्हिडिओ गॅलरीतून नव्याने टाकणारा? आकडा शून्यावर आणणाऱ्या सगळ्या युक्त्या नावालाही लागू होतात. कॉपी करणारा भाबडा माणूस कागदोपत्री 'मूळ पाठवणारा' ठरेल.

## 'आणि खऱ्या माहितीचं काय?'

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. यंत्रणेला मजकूर दिसत नाही, त्यामुळे ती खऱ्यालाही तेवढंच अडवते. पुराचा इशारा, हरवलेल्या मुलाचा फोटो, रक्तगटाची तातडीची गरज, हे सगळं पाचव्या हातानंतर एकेका चॅटने सरकतं.

पण रक्ताच्या मेसेजचंच उदाहरण घ्या. त्यावर बहुधा तारीख नसते. पाचव्या-सहाव्या हातापर्यंत पोचेतो रुग्णाला रक्त मिळून गेलेलं असतं, आणि तरी त्या नंबरवर पुढचे कित्येक दिवस फोन येत राहतात. मूळ माणसापासून दूर गेलेली खरी माहितीही शिळी होते, आणि तिला शिळी झाल्याचं सांगायला मागे जायची वाट नसते. दोन बाणांपाशी तिचा वेग मंदावला, तर नुकसान वाटतं तेवढं होत नाही.

अडचण होते ती खुलाशाची. अफवा निघाली सकाळी, खुलासा आला रात्री. खुलासाही फॉरवर्ड होतच फिरणार, त्याच्याही पोटात रेघा वाढणार, त्यालाही पाचव्या हातावर दोन बाण लागणार आणि तोही एकेका चॅटने सरकणार. शिवाय तो कमी खळबळजनक, म्हणजे शंभरांपैकी दोघांऐवजी एखादाच तो पुढे पाठवणार. त्या फॉरवर्डच्या शर्यतीत तो अफवेला गाठणं अवघडच. म्हणून खुलासा देणाऱ्यांनी तो एका ग्रुपवर सोडून लोक पसरवतील अशी आशा धरण्यात फारसं हशील नाही. ज्या ग्रुपांत अफवा पोचली, त्या प्रत्येक ग्रुपातल्या कोणीतरी स्वतःच्या शब्दांत, स्वतः टाइप करून 'मी ठाण्यात फोन केला होता, असं काही घडलेलं नाही' असं लिहिलं, तर त्यावर एकही बाण नसतो, आणि कोणाला विचारायचं हेही लगेच कळतं.